नफा एकट्या कंपनीचा की सगळ्या समूहाचा, हे बातमीत छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तिमाही निकालांचे दिवस आले की कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आमच्या फेऱ्या कमी होतात आणि चर्चा वाढतात. आमच्या गटातले बहुतेक जण सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले. कुणाकडे जुन्या कंपनीचे शेअर आहेत, कुणी फंडाचे थोडे पैसे बाजारात टाकलेले आहेत. गेल्या आठवड्यात दोघांची चांगलीच जुंपली. एकाच्या हातात आपल्या अर्थपानाचे कात्रण होते, त्यात कंपनीचा नफा वाढल्याची बातमी. दुसऱ्याच्या मोबाइलवर त्याच कंपनीचा, त्याच तिमाहीचा नफा घटलेला. एक म्हणे, "मोबाइलवरचं कसलं खरं धरतोस?" दुसरा म्हणे, "पेपरवाले काहीही छापतात." मी दोन्ही आकडे पाहिले. दोन्ही बरोबर होते. कात्रणातला आकडा स्टँडअलोन, म्हणजे एकट्या मूळ कंपनीचा होता. मोबाइलवरचा कन्सॉलिडेटेड, म्हणजे उपकंपन्या धरून सगळ्या समूहाचा होता. बातमीत एवढा एक शब्द असता तर भांडण झालेच नसते.

मी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब विभागात नोकरी केली. शेवटची काही वर्षे समूहाचे एकत्रित हिशेब बंद करण्याचे काम माझ्याकडे होते. त्यामुळे हा फरक मला कागदावरून नाही, गोदामातून कळला. ३१ मार्चच्या संध्याकाळी स्टॉक मोजायला आम्ही आमच्याच उपकंपनीच्या गोदामात जायचो. तिथे आमच्याच कारखान्याचे स्टिकर लावलेली खोकी थप्प्या लावून ठेवलेली असत, पॅकिंगच्या पट्ट्याही न काढलेली. आमच्या पुस्तकांत ती खोकी केव्हाच विकली गेली होती. बिल फाटलेले, नफा धरलेला, येणे दाखवलेले. माल मात्र घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला होता.

आता एक हिशेब मांडतो. आकडे सोपे व्हावेत म्हणून मी ठरवलेले आहेत आणि कर बाजूला ठेवला आहे. समजा, मूळ कंपनीने वर्षात बाहेरच्या गिऱ्हाइकांना ४० कोटींचा माल विकला आणि १० कोटींचा माल स्वतःच्या पूर्ण मालकीच्या उपकंपनीला विकला. त्या १० कोटींच्या मालाचा उत्पादनखर्च ८ कोटी. एकट्या कंपनीच्या पत्रकात विक्री ५० कोटी दिसते आणि सगळा खर्च जाऊन नफा ५ कोटी. बातमी झाली की कंपनी जोरात आहे.

उपकंपनीकडे काय झाले? आलेल्या मालापैकी ६० टक्के माल, म्हणजे ६ कोटींना घेतलेला, तिने बाजारात ७ कोटींना विकला. उरलेला ४ कोटींचा माल गोदामातच पडून आहे. पगार, भाडे आणि बँकेचे व्याज मिळून तिचा खर्च झाला ४ कोटी. ७ मधून ६ गेले, वर ४ गेले. तिला ३ कोटींचा तोटा.

एकत्रित हिशेब करताना दोन्ही कंपन्या एकच घर मानतात. घरातल्या घरात झालेली विक्री ही विक्रीच नव्हे, म्हणून १० कोटी काढून टाकायचे. बाहेर खरोखर विकलेले ४० आणि ७, म्हणजे ४७ कोटी, एवढीच समूहाची विक्री. नफ्यात मूळ कंपनीचे ५ कोटी, त्यातून उपकंपनीचा तोटा ३ कोटी वजा. उरले २ कोटी. पण अजून एक वजाबाकी राहते आणि नेमकी तीच लोकांच्या ध्यानात येत नाही. गोदामात पडलेल्या ४ कोटींच्या मालाचा खरा उत्पादनखर्च ३ कोटी २० लाख आहे. वरचे ८० लाख म्हणजे मूळ कंपनीने स्वतःच्याच उपकंपनीकडून 'कमावलेला' नफा. माल बाहेर जात नाही तोवर तो नफा समूहाला मिळालेला नाही, म्हणून तोही काढायचा. हाती राहतात १ कोटी २० लाख. एकट्या कंपनीचे ५ कोटी आणि समूहाचे १ कोटी २० लाख, आणि यात कुठेही खोटी नोंद नाही.

कर्जाचे तसेच. समजा, मूळ कंपनीवर बँकेचे ५ कोटी कर्ज आहे आणि उपकंपनीवर १२ कोटी, तेही मूळ कंपनीने दिलेल्या हमीवर. एकट्या कंपनीच्या ताळेबंदात कर्ज ५ कोटीच दिसेल. हमीचे १२ कोटी मागे टिपांमध्ये 'आकस्मिक दायित्वे' या मथळ्याखाली एका ओळीत असतील. एकत्रित ताळेबंदात मात्र १७ कोटी सरळ समोर येतात. शिवाय उपकंपनीत घातलेले भांडवल एकट्या कंपनीच्या पुस्तकांत साधारणपणे मूळ किमतीलाच पडून राहते. उपकंपनी दरवर्षी तोट्यात गेली, तरी त्या गुंतवणुकीचे मूल्य घटले आहे असे कबूल करून रक्कम कमी करेपर्यंत तो आकडा हलत नाही. ती कबुली एखाद्या वर्षी एकदम येते आणि भागधारकाला वाटते, अचानक काय झाले? अचानक काही झालेले नसते. एकत्रित पत्रकात तो तोटा दरवर्षी दिसतच होता.

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग एकत्रित आकडाच छापा, दुसऱ्याची गरज काय? माझ्या मते ही चूक पहिल्या चुकीइतकीच महागात पडते. कायद्याच्या दृष्टीने समूह नावाची कुणी व्यक्ती नाही. आपल्याकडे प्राप्तिकर प्रत्येक कंपनी स्वतंत्रपणे भरते. आणि कंपनी कायदा, २०१३ नुसार लाभांश द्यायचा तो कंपनीच्या स्वतःच्या नफ्यातून. उपकंपनीने कमावलेला पैसा तिने लाभांश म्हणून वर पाठवला, तरच तो मूळ कंपनीच्या नफ्यात येतो.

याचे मोठे उदाहरण टाटा मोटर्सचे २०१४-१५ हे वर्ष. २००८ मध्ये कंपनीने फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर घेतली होती आणि नंतरच्या वर्षांत समूहाचा नफा मुख्यतः तिच्याकडून येऊ लागला. त्या वर्षी एकत्रित नफा सुमारे १४,००० कोटी रुपये होता, तर एकट्या टाटा मोटर्सला सुमारे ४,७०० कोटींचा तोटा. त्या वर्षी कंपनीने लाभांश दिला नाही. आधीच्या राखीव निधीतून लाभांश देता येतो, पण त्याला अटी आहेत. आमच्या ट्रॅकवरच्या एकाने तेव्हा मला विचारले होते, "चौदा हजार कोटी कमावले आणि आपल्याला एक रुपया नाही?" त्याने फक्त एकत्रित आकडा वाचला होता.

एकत्रित पत्रकात आणखी एक जागा फसवी आहे. उपकंपनीत मूळ कंपनीचा हिस्सा ६० टक्केच असला, तरी विक्री आणि नफा दोन्ही शंभर टक्के मिळवले जातात. उपकंपनीचा नफा १० कोटी असेल तर पत्रकात आधी सगळे १० येतात. त्यातले ४ कोटी बाहेरच्या भागधारकांचे आहेत, हे खाली वेगळ्या ओळीत सांगितलेले असते. म्हणून समूहाचा नफा वाचताना 'मूळ कंपनीच्या मालकांचा वाटा' ही ओळ शोधावी. प्रतिशेअर कमाई त्याच ओळीवरून काढतात.

सामान्य वाचकाने काय पाहावे, तेही अनुभवावरून लिहितो. सगळ्यात सोपी खूण म्हणजे दोन्ही विक्रीचे आकडे शेजारी ठेवणे. उपकंपन्या मिळवल्यावर विक्री वाढायला हवी. ती उलट घटली, म्हणजे वरच्या हिशेबासारखी ५० ची ४७ झाली, तर बराच माल घरातच फिरतो आहे. कधी त्याचे कारण सरळ असते. परदेशातल्या विक्री-उपकंपनीकडे जहाजावर आणि गोदामात काही महिन्यांचा माल असतोच. पण हाच फरक वर्षागणिक वाढत असेल आणि उपकंपनीकडची येणीही फुगत असतील, तर माल खपत नाही असे समजावे. दुसरा कागद म्हणजे वार्षिक अहवालातला एओसी-१ हा फॉर्म. त्यात प्रत्येक उपकंपनीची उलाढाल, नफा-तोटा आणि मूळ कंपनीचा हिस्सा एकाच तक्त्यात असतो. दोनशे पानांच्या अहवालात मी आधी ते पान उघडतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला उपकंपन्यांचे वेगवेगळे लेखापरीक्षित हिशेबही आपल्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात.

ही माहिती मिळवायला आता अडचण राहिलेली नाही. उपकंपन्या असलेल्या आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून सेबीने एकत्रित निकाल दर तिमाहीला सक्तीचे केले. त्याआधी तिमाहीला ते ऐच्छिक होते, वर्षाअखेरीलाच द्यावे लागत. आपल्याच वृत्तपत्रात कंपन्यांच्या निकालांच्या जाहिराती येतात. ज्या कंपन्या पूर्ण तक्ता छापतात, त्यांत वर एकत्रित आकडे असतात आणि अगदी तळाला, भिंगाने वाचाव्या अशा अक्षरांत, एकट्या कंपनीची उलाढाल, करपूर्व नफा आणि करोत्तर नफा दिलेला असतो. म्हणजे जाहिरातीच्या पानावर दोन्ही आकडे आणि त्याच अंकात बातमीच्या पानावर एकच, तोही कुठला ते न सांगता.

माझी विनंती एवढीच आहे की निकालांच्या प्रत्येक बातमीत 'एकत्रित' की 'एकट्या कंपनीचा' हे पहिल्याच वाक्यात यावे आणि मागच्या वर्षीचा तुलनेचा आकडाही त्याच प्रकारचा असावा. एका वर्षाचा एकत्रित आणि दुसऱ्या वर्षाचा एकट्याचा आकडा घेऊन काढलेली टक्केवारी मी आपल्या पानावर गेल्या वर्षभरात दोनदा वाचली आहे. दोन्ही कात्रणे जपून ठेवली आहेत. आपल्या कार्यालयात कुणाला पाहायची असतील तर आणून दाखवीन.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त लेखापाल
इंदिरानगर, नाशिक