उदासीचे गुण मोजताना

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतून मानसिक आरोग्याविषयी येणारे लेखन मी नियमाने वाचतो. नैराश्य आले तर समुपदेशकाकडे जावे, हा त्यातील सल्ला योग्यच आहे. मात्र ज्याचे शरीर आधीच अधू आहे, त्याने कोणत्या समुपदेशकाकडे जावे आणि तो आपल्याला उपयोगी पडेल हे कसे ओळखावे, याविषयी फारसे काही वाचायला मिळत नाही. दुचाकीच्या अपघातात छातीच्या दहाव्या मणक्याजवळ माझ्या मज्जारज्जूला इजा झाली. तेव्हापासून, म्हणजे गेली सहा वर्षे, मी व्हीलचेअर वापरतो. यातील दोन वर्षे चिंता आणि नैराश्यात गेली. तो अनुभव इतरांच्या कामी यावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पहिल्या समुपदेशकांनी माझ्याकडून नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. ती जगभर वापरली जाते आणि तिच्यात काही गैर नाही. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती वेळा झाला, त्यानुसार शून्य ते तीन गुण द्यायचे असतात, एकूण गुण सत्तावीस असतात, आणि दहा किंवा अधिक आले तर नैराश्याची शक्यता धरून पुढे नीट तपासणी करायची असते. मला चौदा गुण मिळाले. तेवढ्या आकड्यावर गृहस्थांनी निष्कर्ष काढला आणि मग सांत्वनासाठी, "तुमच्या जागी कोणीही असता तरी खचलाच असता," असेही म्हणाले. मी पुन्हा तिकडे गेलो नाही.

आठ महिन्यांनी ज्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाई मला भेटल्या, त्यांनी तोच जुना कागद पुढे घेतला आणि बेरीज बाजूला ठेवून एकेका प्रश्नाकडे पाहिले. झोपेला तीन, थकव्याला तीन, मंद हालचालींना दोन आणि भुकेला एक, असे नऊ गुण शरीराशी निगडित प्रश्नांतून आले होते. झोप मोडत होती, कारण कॅथेटरने लघवी काढण्यासाठी मी रात्री दोनदा उठत होतो आणि पायांना झटके येत होते. झटके कमी व्हावेत म्हणून घेत असलेल्या बॅक्लोफेनने दिवसा सुस्ती येत होती. उरलेले पाच गुण मात्र त्यांनी सोडले नाहीत. त्यांचा प्रश्न मला अजून आठवतो : "पायांचा काहीही संबंध नाही, अशी कोणती आवडीची गोष्ट तुम्ही बंद केली?" मी दर रविवारी एका मित्राशी फोनवर बुद्धिबळ खेळत असे. ते कधी थांबले, हे माझ्या लक्षातही आले नव्हते. फोन आणि पट दोन्ही हाताशी होते, त्यामुळे तो डाव अपंगत्वाने बंद पाडला, असे म्हणता येत नव्हते. अपंगांमधील नैराश्य ओळखण्याची याहून नेमकी खूण मला तरी माहीत नाही.

ही गफलत दोन्ही बाजूंनी होते. शरीराची लक्षणे मनाच्या खात्यात पडली की औषधे अकारण वाढतात, आणि मनाची लक्षणे अपंगत्वाच्या खात्यात पडली की उपचारच होत नाहीत. मानेजवळ इजा झालेल्या माझ्या एका परिचितांना अचानक घाम, चेहऱ्यावर लाली आणि डोके फुटेल अशी वेदना होत असे. घरचे त्याला घबराटीचा झटका समजत आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगत. प्रत्यक्षात कॅथेटरची नळी मुडपून मूत्राशय तुंबले होते. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असेल, तर अशा वेळी रक्तदाब धोकादायक वाढू शकतो. त्यामुळे रुग्णाला सरळ बसवून, घट्ट कपडे सैल करून नळी तपासावी लागते आणि त्रास थांबला नाही तर ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. ज्या समुपदेशकाला हे ठाऊक नाही, त्याने निदान आधी डॉक्टरांना विचारावे.

माझी चिंता घराबाहेर पडण्याची होती. एका बँकेत रांगेत असताना कपडे ओले झाले आणि त्यानंतर पाच महिने मी सोसायटीच्या फाटकाबाहेर गेलो नाही. बाईंनी ही भीती निराधार ठरवली नाही. त्यांनी तीन आठवडे मला वही ठेवायला लावली : किती वाजता किती पाणी, किती चहा, कॅथेटर कधी आणि गळती कधी. गळती बहुतेक वेळा दुपारच्या दोन कप चहानंतर आणि कॅथेटरमधील अंतर सहा तासांवर गेले त्या दिवशी झालेली दिसली. मूत्रविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने ते अंतर चार तासांवर आणले. त्यानंतरच बाहेर पडण्याचा सराव सुरू झाला : आधी फाटकापर्यंत पंधरा मिनिटे, मग किराणा दुकान, मग रिक्षाने सारसबागेपर्यंत. प्रत्येक वेळी निघण्याआधी आणि परतल्यावर भीतीला दहापैकी गुण द्यायचे. दुकानाच्या पहिल्या फेरीला आठ होते, सहाव्या फेरीला तीन. भाचीच्या लग्नाला मात्र मी गेलो नाही, कारण कार्यालयाच्या स्वच्छतागृहाचा दरवाजा चोवीस इंचांचा आणि माझी खुर्ची सव्वीस इंचांची. बाईंनी तेथे धीर धरा असे म्हटले नाही. अडचण दरवाजाची आहे, तुमची नाही, असे त्या म्हणाल्या.

असा समुपदेशक शोधताना मी पुण्यात सात ठिकाणी फोन केले. तीन दवाखाने लिफ्ट नसलेल्या पहिल्या मजल्यावर होते. एका ठिकाणी लिफ्ट होती, पण लिफ्टपर्यंत चार पायऱ्या होत्या, आणि "आमची मुले उचलून आणतील" असे उत्तर मिळाले. ज्याला आधीच परावलंबित्वाची बोच आहे, त्याने मनाच्या उपचारासाठी दर आठवड्याला स्वतःला उचलून न्यायला लावायचे, हे सांगणाऱ्याला खटकलेही नाही. ऑनलाइन सत्रांनी जिना टळतो, पण दोन खोल्यांच्या घरात शेजारी आई बसलेली असताना तिच्यावरील ओझ्याविषयी बोलता येत नाही. मी ती सत्रे पार्किंगमध्ये खुर्ची नेऊन केली.

आता कोणी विचारले, तर मी भेटीची वेळ ठरवण्याआधी काही गोष्टी फोनवरच विचारायला सांगतो. रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत आणि स्वच्छतागृहाचा दरवाजा किती रुंद आहे, ते विचारावे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारावी. कायमचे अपंगत्व असलेल्या कोणाबरोबर पूर्वी काम केले आहे का, आणि गरज पडल्यास आमच्या डॉक्टरांशी बोलाल का, हेही विचारावे. पूर्वी काम केले आहे का, याचे उत्तर नाही असले तरी चालते. माझ्या बाईंचेही तसेच होते, पण डॉक्टरांशी बोलायला त्या लगेच हो म्हणाल्या. औषधांची गरज भासली तर मानसोपचारतज्ज्ञांना मूत्राशयाची आणि शौचाची अडचण आवर्जून सांगावी, कारण अॅमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्यांनी लघवी अडकू शकते आणि बद्धकोष्ठ वाढते. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. आठवड्याच्या सत्रांची जागा तो घेत नाही, पण त्याला जिना नाही.

आपल्याला एक विनंती आहे. शहरातील समुपदेशन केंद्रांची यादी आपण छापाल, तेव्हा प्रत्येक नावापुढे पायऱ्यांची संख्या, लिफ्ट आहे की नाही आणि स्वच्छतागृहाच्या दरवाजाची रुंदी इंचांत द्यावी. केंद्रांनी ती कळवली नाही, तर तो रकाना रिकामा सोडून यादी छापावी.

आपला,
एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)