कामाच्या प्रवासातले जेवण : मित्रास पत्र

पुणे
रविवार

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. बढती मिळाल्याचा आनंद आहेच, पण महिन्यातले पंधरा दिवस बाहेर काढायचे म्हणजे पोटाचे काय होणार, ही तुझी काळजी मला जास्त महत्त्वाची वाटली. साखर कारखान्यांना पंप विकण्याच्या निमित्ताने मी गेली अठरा वर्षे हेच करतो आहे आणि त्यातली पहिली सहा-सात वर्षे मी अगदी चुकीचे खाल्ले. तेव्हा मी पदार्थ निवडताना तो हलका आहे की जड, एवढेच पाहत असे. आता मी पहिल्यांदा पाहतो ते म्हणजे तो शिजून किती वेळ झाला आणि तेवढा वेळ तो कुठे होता.

हे मला एका दहीभाताने शिकवले. एका मोठ्या शहरातल्या चांगल्या हॉटेलात मी रात्री साडेदहाला पोहोचलो. बुफे अकराला बंद होणार होता. तळलेले, मसालेदार असे सगळे टाळून, आपण फार शहाणपणा करतो आहोत अशा समजुतीने मी दोन वाट्या दहीभात घेतला आणि झोपायला गेलो. एकच्या सुमारास उलट्या सुरू झाल्या त्या पहाटेपर्यंत थांबल्या नाहीत. सकाळी आलेल्या डॉक्टरांनी काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, ताप आहे का, एवढेच विचारले आणि भातावर संशय घेतला. त्यांनी सांगितले ते असे, की तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजतानाच्या उष्णतेत मरत नाहीत. शिजलेला भात कोमट अवस्थेत काही तास पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही आणि खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या आणते. माझ्या बाबतीत तेच झाले याचा पुरावा कोणी काढला नाही, पण वेळेचा हिशेब बरोबर जुळत होता. गंमत अशी, की दहीभाताला भात आधी गार करावाच लागतो. आपण ज्याला आजाऱ्याचे अन्न म्हणतो, तेच बुफेवर सर्वांत जास्त वेळ पडून राहिलेले असू शकते. घरचा दहीभात मी अजूनही आवडीने खातो, बाहेरचा मात्र तेव्हापासून सोडला.

तेव्हा बुफेवर गेलास की ताट न घेता आधी एक पूर्ण फेरी मार. झाकणाच्या भांड्यांखाली गरम पाणी असते आणि त्याखाली इंधनाचा छोटा डबा पेटवलेला असतो. तो विझलेला असेल, किंवा झाकण उचलल्यावर वाफ आली नाही, तर ते भांडे सोडून दे. गरम ठेवायचे अन्न साठ अंशांच्या वर राहिले पाहिजे, आणि तेवढे तापलेले अन्न पहिल्या घासाला तोंड भाजते. कोमट रस्सा आरामात खाता येतो, म्हणूनच त्याचा संशय यावा. भांड्याच्या कडेला वाळलेली रेघ दिसली, तर ते बराच वेळ भरलेले नाही असे समज. रात्रीचे जेवण शक्य तर बुफे उघडताच, साडेसात-आठला घे. उशीर झालाच तर बुफे सोडून साधे वरण आणि गरम फुलके करून मागव. बहुतेक ठिकाणी देतात, फक्त मागायला आपण संकोचतो. सकाळचा नाश्ता मात्र बुफेतला सर्वांत भरवशाचा, कारण डोसा आणि ऑम्लेट डोळ्यांसमोर होतात आणि इडल्या वाफेतून निघतात. तिथला धोका वेगळा आहे. पैसे भरलेलेच आहेत म्हणून माणूस डोसा, पुरी, केक आणि वर फळांचा रस असे चार नाश्ते एका बैठकीत करतो आणि अकराच्या बैठकीत जांभया देतो.

ढाब्याची गोष्ट याच्या उलट आहे. दिसायला गैरसोयीचा, पण विचारता येते आणि चूल दिसते. मी सोलापूर रस्त्याने सर्वांत जास्त फिरतो, म्हणून तिथलेच सांगतो. पनीरच्या भाजीची नावे यादीत दहा असली, तरी त्यांच्या ग्रेव्ही बहुतेक ठिकाणी दोन-तीनच असतात. त्या सकाळी मोठ्या पातेल्यात करून ठेवलेल्या असतात आणि वरचे तेल प्रत्येक ताटात भरपूर उतरते. मी पिठले आणि ज्वारीची भाकरी मागतो. पिठले दहा मिनिटांत होते, म्हणून ते सहसा मागणीनंतरच टाकतात. आधी करून ठेवलेले असेल, तर लगेच ओळखू येते : वर साय धरलेली असते आणि डाव घातला की ते गोळ्याने उठते. भाकरीची तर थापल्याचा आवाजच येतो. डाळ सकाळपासून मंद आचेवर असेल तर ती चालते, फक्त फोडणीत तेल कमी घालायला सांग. चिरून ठेवलेला कांदा घेण्यापेक्षा अख्खा कांदा मागून समोर फोडून घे. ताकात बर्फ कुठला आहे ते कळत नसेल तर ताक नको.

वेळ फार महत्त्वाची आहे. साडेबारा ते दोनच्या दरम्यान पातेली भराभर रिकामी होतात. साडेतीनला पोहोचलास, तर दुपारचे उरलेले आणि रात्रीसाठी अजून न झालेले, यांच्या मधोमध सापडतोस. आमचे चालक शिंदेकाका भूक नसली तरी साडेबाराला गाडी थांबवतात. पूर्वी मी त्यांच्यावर चिडत असे.

विमानतळाबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. सहाच्या विमानासाठी माणूस साडेतीनला उठतो तेव्हा त्याला खरी भूक नसते, झोप नसते, आणि ती उणीव तो मोठा साखरेचा कॉफीचा पेला आणि मफिनने भरतो. काचेच्या कपाटातल्या सँडविचवर तयार केल्याची तारीख असते, ती वाच. इडली वाफेतून निघत असेल तर ती घे. रिकामी बाटली सुरक्षा तपासणीतून नेऊन आत भरून घ्यावी. गरम पाणी ओतून खायचा पोह्यांचा कप अडचणीला ठीक आहे, पण त्यात मीठ इतके असते की दिवसभर तहान लागते.

म्हणून मी घरूनच सोलापुरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेतो. भाकरीत पाणी जवळजवळ उरलेलेच नसते, त्यामुळे ती बरेच दिवस टिकते, आणि तपासणीत तिला कोणी अडवत नाही. दोन भाकऱ्या आणि तीन चमचे चटणी एवढ्यावर माझी सकाळ सहज निघते. बॅगेत मात्र ती डब्यातच ठेव. मी एकदा लॅपटॉपखाली ठेवली होती आणि ग्राहकासमोर कागद काढताना भाकरीचा चुराही बाहेर आला.

येत्या गुरुवारी मी सोलापूरला जातो आहे. तुझ्यासाठी दोन पाकिटे आणतो. तुझा पहिला दौरा कोणत्या तारखेला आहे ते कळव, म्हणजे त्याआधी पोहोचवता येतील. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विलास