वीस मिनिटांच्या झोपेचा हिशेब : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सप्रेम नमस्कार.

कामगार मेळाव्यात आपण म्हणाला होता की, कोर्टाचा निकाल लागला की कामगाराला पुन्हा खेटे घालावे लागणार नाहीत. मी तिसऱ्या रांगेत होतो, टाळ्याही वाजवल्या. परवा कोर्टाने देऊ केलेला मागचा पगार वसूल करून मागायला मी आपल्याच खात्याच्या कार्यालयात सहाव्यांदा गेलो. उत्तर मिळालं, "फाइल साहेबांकडे आहे." साहेब कुठे आहेत? मीटिंगमध्ये.

आधी माझा गुन्हा सांगतो, कारण तो मी कधीच नाकारला नाही. नोव्हेंबर 2018, रात्रपाळी. पहाटे तीनच्या सुमारास प्रेस बंद पडला होता, मेंटेनन्सवाला यायचा होता. मी पुठ्ठ्यावर टेकलो आणि डोळा लागला. वीस मिनिटं. सुपरवायझरने आधी मोबाइलवर फोटो काढला, मग उठवलं.

चार्जशीटमध्ये मात्र तीन आरोप आले: कामावर झोपणे, हुकूम न मानणे आणि उत्पादनाचं नुकसान. चौकशीत ब्रेकडाउन रजिस्टर मागवलं, तेव्हा दिसलं की मशीन 2.50 ला बंद पडलं आणि 3.45 ला सुरू झालं. मी जागा राहून बंद मशीनमधून काय काढणार होतो? दोन आरोप गळाले, झोप उरली. तरीही मार्च 2019 मध्ये बडतर्फीचा कागद हातात पडला. 14 वर्षांच्या नोकरीत त्याआधी साधा मेमोसुद्धा नव्हता.

लेबर कोर्टाने चौकशी योग्य ठरवली. तिथे मी हरलो, आणि ते बरोबरच होतं. पण नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम 11-अ पुढचा प्रश्न विचारायला लावत होतं: गैरवर्तन सिद्ध झालं, पण शिक्षा त्याच्या मानाने आहे का? 1971 च्या दुरुस्तीने कोर्टाला हा अधिकार मिळाला. त्याआधी चौकशी रीतसर झाली असेल, तर मालकाने दिलेल्या शिक्षेत कोर्ट सहसा हात घालत नसे.

कंपनीच्या वकिलाने भारत फोर्ज कंपनीच्या खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा 2005 चा निकाल आपटला. झोपलेल्या कामगाराची बडतर्फी तिथे कायम झाली होती. न्यायाधीशांनी तो निकाल नीट वाचायला लावला. तो कामगार दिवसाढवळ्या 11.40 ला झोपलेला सापडला होता, आणि त्याआधी तीनदा शिक्षा झालेली होती. म्हणजे झोप तीच, वजन वेगळं. तराजूत नुसतं कृत्य जात नाही. मागचं रेकॉर्ड, झालेलं नुकसान, त्या वेळची परिस्थिती आणि त्याच चुकीला दुसऱ्याला काय दिलं, हे सगळं जातं. आमच्याच खात्यातल्या एकाला झोपेबद्दल चार दिवस निलंबन झालं होतं. तो साहेबांचा माणूस, असो.

सप्टेंबर 2025 मध्ये निकाल लागला: बडतर्फी रद्द, सलग नोकरी धरून परत घ्या, दोन वेतनवाढी बंद, मागचा पगार अर्धा. अर्धाच का, तर सुप्रीम कोर्टाने 2013 मध्येच म्हणून ठेवलंय की, गैरवर्तन सिद्ध असून फक्त शिक्षा जादा असेल, तर पूर्ण पगार न देण्याची मुभा कोर्टाला आहे. मान्य. पण साहेब, जरा गणित करा. 78 महिने, पगार 18,400. अर्धे बुडाले 7,17,600 रुपये. वीस मिनिटांनी भागा. मिनिटाला 35,880! एवढी महाग झोप मंत्रालयातसुद्धा कोणी घेत नसेल. (घेत असतील तर दर कळवावा.)

दोन वेतनवाढी कोर्टाने मोजूनमापून दिल्या. ही सात लाखांची शिक्षा कोणी मोजली? ती तारखांनी दिली. साठ-सत्तर तारखा तरी झाल्या असतील, नंतर मी मोजणं सोडलं. त्या काळात बायकोच्या बांगड्या गेल्या आणि मुलाचं डिप्लोमाचं दुसरं वर्ष गेलं. निकाल एका वर्षात लागला असता, तर हाच आदेश मला लाखभरातच पडला असता.

मागणं दोनच. कंपनीने स्थगिती आणलेली नाही, तरी दमडी दिलेली नाही. अशा थकबाकीच्या वसुलीचा दाखला कलेक्टरकडे पाठवायचा असतो. त्या कागदावर सही करा. दुसरं, आमच्या स्थायी आदेशांत, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या नियमांत, ताकीद, दंड, चार दिवस निलंबन आणि त्यानंतर थेट बडतर्फी आहे. मधली पायरीच नाही! वेतनवाढ रोखायला कोर्टात जावं लागलं. ही पायरी आदेशांतच लिहायला काय हरकत आहे? की मधली पायरी असली, तर नको असलेला माणूस काढायला निमित्त उरणार नाही? युनियनवाले आणि मालक एकाच टेबलावर चहा पितात, तुमचे अधिकारी बिस्किटं पुढे करतात, आणि कायदा पाठ करायचा कोणी, तर आम्ही.

रोज सकाळी सातला गेटवर हजेरी द्यायला जातो. वॉचमन वहीत नाव लिहून घेतो, आत सोडत नाही. शुक्रवारी सातव्यांदा आपल्या कार्यालयात येतोय. बाकावर बसून वाट बघताना डोळा लागला, तर फोटो काढू नका एवढंच.

आपला,
एक (कागदोपत्री) कामावर असलेला कामगार