हरवलेल्या मुलाच्या पोस्टरवरचा नंबर कोणाचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नागपूरच्या महाल भागात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि अधूनमधून ‘हरवला आहे’चं पोस्टर. हे शेवटचं काम आलं की मी पैसे घेत नाही, पण अलीकडे त्या पोस्टरांचं पुढे काय होतं ते पाहून हे पत्र लिहावंसं वाटलं.

मारबतीच्या मिरवणुकीत आमच्या ओळखीतल्या एका घरातला अकरा वर्षांचा मुलगा गर्दीत सुटला. पोस्टर माझ्याकडेच झालं: पिवळी जमीन, वर फोटो, खाली पांढऱ्या पट्टीवर वडिलांचा मोबाइल. तासाभरात ते व्हॉट्सॲपवर गावभर गेलं आणि फोन सुरू झाले. त्यातला एक असा होता : “पोरगा आमच्याजवळ आहे, तापानं फणफणलाय, दवाखान्यात भरती करतो, आधी पाच हजार टाका.” वडील पाठवायलाच निघाले होते. आईनं फोन हातात घेतला आणि विचारलं, “त्याच्या डाव्या कोपराजवळ काय आहे?” समोरच्यानं फोन कापला. तिथं भाजल्याचा जुना डाग आहे आणि तो पोस्टरवर नव्हता. मुलगा रात्री रेल्वे स्थानकावर लोहमार्ग पोलिसांना सापडला.

गोष्ट इथं संपायला हवी होती. महिन्याभरानं तेच पोस्टर माझ्याच मोबाइलवर आलं. मुलगा तोच, पण गाव अमरावती आणि नंबर भलताच. माझं काम असल्यानं जोड लगेच दिसली. पोस्टर सेव्ह करून पुन्हा पाठवत गेलं की चित्र दरवेळी दाबलं जातं आणि अक्षरांच्या कडा धुरकट होतात. इथं सगळी अक्षरं तशी धुरकट होती, फक्त नंबर कोरा करकरीत. आमचे आकडे देवनागरी होते, हे इंग्रजी. पट्टीचा पांढरा रंगही नंबरामागे थोडा वेगळा पडला होता. चित्र बोटांनी मोठं केलं की हे कोणालाही दिसतं. मात्र सफाईनं केलेला बदल असा दिसणार नाही, म्हणून डोळ्यांवर सारा भार टाकता येत नाही.

नंबर बदलणाऱ्याचा फायदा काय, असं गिऱ्हाईक विचारतात. मुलगा खरंच हरवलेला असताना हे घडलं, तर ज्याला तो दिसला तो माणूस घरच्यांऐवजी या भामट्याला ठिकाण सांगणार. तो तेच ठिकाण घरच्यांना विकणार. मुलगा घरी आलेला असेल, तर कळकळीनं फोन करणाऱ्यांकडूनच ‘शोधकार्याला मदत’ मागता येते. फोटो उसना असला की याहून वाईट होऊ शकतं. 2018 साली मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्या दिवसांत देशभर फिरणारी एक चित्रफीत कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधून कापलेली होती.

म्हणून आता मी पोस्टर करताना आधी विचारतो, पोलिसांत तक्रार झाली का? सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2013च्या आदेशानुसार अल्पवयीन मूल हरवलं की गुन्हा नोंदवावाच लागतो. ‘चोवीस तास थांबा’ हे कोणी सांगितलं तरी ऐकू नये. गुन्हा नोंदला की क्रमांक मिळतो. पोस्टरवर तो क्रमांक, ठाण्याचं नाव, तारीख आणि ठाण्याचा 0712नं सुरू होणारा फोन घालतो, सोबत आणीबाणीचा 112 आणि मुलांच्या हेल्पलाइनचा 1098. घरच्यांचा मोबाइल घालत नाही. काही बाप चिडतात, “आमच्या पोराचा फोन आम्हाला नको का यायला?” त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही, पण ठाण्यातून निरोप त्यांनाच येतो.

नंबर आता पट्टीवर न ठेवता फोटोतल्या मुलाच्या शर्टावर छापतो. पुसायला गेलं तर शर्टही खराब होतो, निदान फुकटात बदल होत नाही. आणि अंगावरची एक खूण मुद्दाम छापत नाही. ती घरच्यांनी आणि पोलिसांनी जपायची, फोन आला की तीच विचारायची.

ज्यांच्या मोबाइलवर असं पोस्टर येतं त्यांनी पुढे ढकलण्याआधी पोस्टरवरचा नंबर सोडून 112ला विचारावं. एकटं भरकटलेलं मूल प्रत्यक्ष दिसलं, तर फोटो ग्रुपवर टाकत बसू नये. बाल न्याय कायद्यात चोवीस तासांच्या आत पोलीस, 1098 किंवा बालकल्याण समितीला कळवणं बंधनकारक आहे.

एक विनंती पोलीस आयुक्तालयाला आणि एक आपल्याला. मूल सापडलं की त्याच पोस्टरवर आडवं लाल ‘सापडला’ छापून ठाण्यानं ते सोडावं. मूळ पोस्टर गेलं त्याच ग्रुपांवर. आणि आपल्या दैनिकात बेपत्ता मुलांचे फोटो येतात, तिथं गुन्हा क्रमांक नसलेला फोटो घेऊ नये.

आपला,
एक डीटीपी व्यावसायिक, महाल, नागपूर