शीर्षकाखालची बारीक ओळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत दर आठवड्याला नव्या चित्रपटांची परीक्षणे येतात आणि मी ती आवर्जून वाचतो. कथा, अभिनय, संगीत यांविषयी त्यांत पुष्कळ असते. परंतु चित्रपट किती वेळाचा आहे, आपल्या शहरात तो कोणत्या भाषेत लागला आहे आणि त्याला कोणते प्रमाणपत्र मिळाले आहे, हे बहुतेक वेळा नसते. तिकिटाच्या अ‍ॅपवर ही माहिती असते, पण ती शीर्षकाखाली करड्या रंगाच्या बारीक अक्षरांत असते आणि आपली नजर तिच्यावरून थेट वेळेच्या चौकोनाकडे जाते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझे नेमके तसेच झाले.

आम्ही सहा जण निघणार होतो. मी, पत्नी, आई, धाकटी बहीण, तिचा 15 वर्षांचा मुलगा आणि माझी नऊ वर्षांची मुलगी. चित्रपट मूळ तेलुगू, पण हिंदीतही लागलेला. अ‍ॅपवर चित्रपटाचे नाव शोधून आत शिरलो असतो, तर तिकिटाचे बटण दाबताच भाषा आणि 2डी-3डी निवडण्याची खिडकी समोर आली असती. मी मात्र घराजवळचे चित्रपटगृह आधी उघडले. त्या मार्गाने गेले की ही खिडकी येत नाही. चित्रपटगृहाच्या पानावर एकाच नावाच्या दोन नोंदी एकाखाली एक होत्या. एकीखाली `Hindi, 2D` आणि दुसरीखाली `Telugu, 2D` असे लिहिले होते. दुपारी तीनचा आणि रात्री 10:20 चा खेळ हिंदी होता, सायंकाळी 6:40 चा तेलुगू. आम्हाला सोयीची होती सायंकाळची वेळ. मी ती दाबली, मधल्या रांगेत सलग सहा खुर्च्या मिळाल्या याच आनंदात पैसे भरले.

पडद्यावर नायकाने पहिले वाक्य उच्चारले आणि सभागृहात शिट्ट्या सुरू झाल्या. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, हा काय म्हणाला?" सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तेव्हा तेलुगू खेळ इथे लागणे अगदी स्वाभाविक आहे आणि तो गर्दीने भरतोही. चूक सर्वस्वी माझी होती. खाली इंग्रजी उपशीर्षके येत होती, ती भाच्याने वाचली, मुलीने अर्धवट वाचली, आईला त्यांचा काहीच उपयोग नव्हता. आमच्या शेजारच्या तेलुगू भाषिक काकू योगायोगाने मागच्याच रांगेत होत्या. मध्यंतरापर्यंत त्यांनी आईच्या खुर्चीवर वाकून कथा सांगितली आणि मध्यंतरानंतर त्या स्वतःच चित्रपटात इतक्या रंगल्या की आईला विसरल्या.

यातून एवढे ध्यानात आले की भाषा ही चित्रपटाची नसून त्या-त्या खेळाची असते. शीर्षकाच्या पानावर चार भाषा लिहिलेल्या असल्या, तरी त्या चारही आपल्या गावात, आपल्याला हव्या त्या वेळेला असतीलच असे नाही. म्हणून वेळ दाबण्यापूर्वी त्या वेळेच्या नोंदीखालची भाषा वाचावी, आणि पैसे भरण्याआधी जो गोषवारा येतो त्यात ती पुन्हा पाहावी, कारण खुर्च्या निवडायच्या पडद्यावर नजर नकाशातच अडकलेली असते. उपशीर्षके आहेत की नाहीत हे काही खेळांच्या वेळेखाली लिहिलेले असते, काहींच्या नसते. आणि असली तरी ती बहुधा इंग्रजीतच असतात, हे घरातील वडीलधाऱ्यांसाठी तिकीट काढताना विसरू नये. तिकीट रद्द करता येईल की नाही हे त्या-त्या चित्रपटगृहावर अवलंबून असते आणि तेही वेळेच्या आसपासच लिहिलेले असते. आमच्या ठिकाणी ती सोय नव्हती. अर्थात असती तरी उपयोग नव्हता, कारण चूक कळली ती दिवे मालवल्यावर.

दुसरी फसगत वेळेच्या हिशेबात झाली. अ‍ॅपवर `2h 47m` असे लिहिले होते, ते मात्र मी वाचले होते. 6:40 मध्ये दोन तास सत्तेचाळीस मिनिटे मिळवली की 9:27 होतात, आणि बहिणीची गावाकडे जाणारी एसटी पावणेदहाची होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण अ‍ॅपवरील अवधी हा केवळ चित्रपटाचा असतो. तिकिटावरील 6:40 ही खेळाची वेळ. त्यानंतर जाहिराती आणि आगामी चित्रपटांच्या झलकी चालल्या आणि प्रत्यक्ष चित्रपट 6:55 ला सुरू झाला. मध्यंतर सुमारे पंधरा मिनिटांचे झाले. बाहेर पडलो तेव्हा दहाला तीन मिनिटे कमी होती, वाहनतळातून गाडी निघेपर्यंत दहा वाजून दहा मिनिटे झाली आणि बहीण त्या रात्री आमच्याकडेच राहिली. मुलांना त्याचा आनंदच झाला, ही गोष्ट वेगळी.

हे आधी कळण्याचा एक मार्ग त्याच पानावर होता. तीन, 6:40 आणि 10:20 हे तिन्ही खेळ एकाच पडद्यावर होते, म्हणजे प्रत्येक खेळाला चित्रपटगृहाने तीन तास चाळीस मिनिटे राखून ठेवली होती. त्यातून साफसफाईची आणि प्रेक्षक आत घेण्याची वीसेक मिनिटे वजा केली, तर सुटण्याची वेळ दहाच्या आसपास येते आणि ती बरोबर निघाली. मात्र दोन्ही खेळ एकाच पडद्यावर आहेत याची खात्री असेल तरच हा हिशेब लागू पडतो. अनेक पडद्यांच्या संकुलात लागोपाठच्या वेळा वेगवेगळ्या सभागृहांतल्या असतात आणि मग हे गणित चुकते. पुढचा खेळच नसेल, तर अ‍ॅपवरील अवधीत किमान अर्धा तास मिळवावा. जाहिरातींच्या या वेळेवरून 2025 मध्ये बंगळुरूच्या ग्राहक आयोगाने एका प्रेक्षकाच्या बाजूने निकाल देऊन तिकिटावर चित्रपट सुरू होण्याची खरी वेळ द्यावी असे म्हटले होते. त्या आदेशाला कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढे स्थगिती दिली. तेव्हा तूर्त तरी हा हिशेब आपला आपणच करायचा आहे.

अवधीचा आकडाही नेहमी अखेरचा नसतो. आगाऊ विक्री कधी कधी प्रमाणपत्र हाती येण्याआधीच सुरू होते आणि तेव्हा अ‍ॅपवर एकतर अवधी नसतो किंवा अंदाजाने घातलेला असतो. नंतर कात्री लागून तो कमी होतो. काही चित्रपटांत प्रदर्शनानंतर दृश्ये वाढवल्याचेही आपण पाहिले आहे. नक्की आकडा प्रमाणपत्रावर असतो, जे चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर येते. तिथे 167.23 असे लिहिलेले असले तर तो दशांश नव्हे. त्याचा अर्थ 167 मिनिटे आणि 23 सेकंद असा आहे.

आता प्रमाणपत्राविषयी. आमच्या चित्रपटाच्या नावापुढे `UA16+` होते आणि मुलगा 15 वर्षांचा, तेव्हा त्याला दारातच अडवतील अशी धास्ती बहिणीने घेतली होती. त्याला कोणीही अडवले नाही, आणि तेच नियमाला धरून होते. सिनेमॅटोग्राफ कायद्यात 2023 मध्ये दुरुस्ती झाली आणि पूर्वीच्या एकाच यूए वर्गाचे यूए 7+, यूए 13+ आणि यूए 16+ असे तीन भाग पडले. हे आकडे पालकांसाठी आहेत. त्या वयाखालच्या मुलाला चित्रपट दाखवावा की नाही, हे आईवडिलांनी ठरवायचे असते. दारावरच्या माणसाने नव्हे. म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या मुलीलाही आत जाता आले, पण तिला न्यायला हवे होते का, हा प्रश्न माझा होता आणि मी तो स्वतःला विचारलाच नाही. एका मारामारीच्या प्रसंगात ती माझ्या दंडात तोंड खुपसून बसली होती.

'ए' प्रमाणपत्राचे मात्र तसे नाही. तिथे अठरा वर्षे पूर्ण असणे ही कायद्याची अट आहे आणि अल्पवयीन व्यक्तीला असा चित्रपट दाखवणे हा दाखवणाऱ्याचा गुन्हा ठरतो, त्यामुळे सोबत आईवडील असले, त्यांची संमती असली, तरी तिचा उपयोग नाही. माझ्या कार्यालयातील एका सहकाऱ्यांना हे दारात कळले. त्यांची मुलगी सतरा वर्षे दहा महिन्यांची होती, तिकिटे चार होती, आधार कार्ड पाहून तिला थांबवले आणि मग तिच्यासोबत चौघेही परतले. त्यांनी तिथल्या कर्मचाऱ्याशी वाद घातला, पण त्या बिचाऱ्याच्या हाती काही नव्हते. पैसे भरण्यापूर्वी अ‍ॅपने वयाची सूचना दाखवली होती आणि इतर सूचनांप्रमाणे त्यांनी ती न वाचताच पुढे ढकलली होती. सूचना वाचून मान्य केली असे धरले गेल्यामुळे पैसेही परत मिळाले नाहीत.

आणखी एक बारकावा जुन्या चित्रपटांचा. हल्ली ते पुन्हा चित्रपटगृहांत लागतात आणि त्यांच्यापुढे नुसते 'यूए' दिसते, आकडा नसतो. ही छपाईतील चूक नव्हे. त्यांचे प्रमाणपत्र वर्गांचे विभाजन होण्यापूर्वीचे आहे. त्या काळी यूएचा अर्थ बारा वर्षांखालील मुलांबाबत पालकांनी विचार करावा एवढाच होता, त्यामुळे आकडा नाही म्हणून चित्रपट सर्वांसाठी आहे असे समजू नये. सर्वांसाठीचा वर्ग केवळ 'यू' हा आहे.

आपणास विनंती अशी की, परीक्षणाच्या चौकटीत ताऱ्यांच्या शेजारी प्रमाणपत्र आणि अवधी छापावा, आणि चित्रपट एकाहून अधिक भाषांत लागला असेल तर शहरातील कोणत्या चित्रपटगृहात कोणत्या भाषेचे खेळ आहेत, हे त्याखाली एका ओळीत द्यावे. जागेची अडचण असल्यास तारे थोडे लहान केले तरी चालतील.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
सोलापूर