पान ११

सांगली, ९ जून

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन मध्येच ठेवलास. "आई, तुला सगळीकडे बँकच दिसते," म्हणालास. मी रागावले नाही, पण दोन रात्री झोप नाही. सही कर किंवा करू नकोस, असं काही मी सांगणार नाही, हे ठरवूनच लिहायला बसले आहे.

तुमच्या बँडला रेकॉर्ड कंपनीने देऊ केलेला, तू पाठवलेला करार कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. बेचाळीस पानं. एकतीस वर्षं कर्जखात्यात काढली, कागद वाचायची सवय आहे. मोठी कंपनी एक लाख पौंड ॲडव्हान्स देते म्हणून तुम्ही चौघं हरखलात. अरे, ते कर्जच आहे. व्याज नाही, गाणी चालली नाहीत तर घरी वसुलीला कोणी येणार नाही, हे खरं. पण वसुली आहे, आणि ती फक्त तुमच्या वाट्यातून. स्टुडिओचं भाडंसुद्धा त्या लाखातूनच भरायचं.

वहीत मांडून पाहिलं. तुमची रॉयल्टी १८ टक्के. समजा कंपनीकडे तीन लाख पौंड आले. तुमच्या नावे ५४,००० जमा, म्हणजे ४६,००० अजून येणे बाकी. कंपनीला मात्र तुम्हाला दिलेले एक लाख वजा जाता दोन लाख उरले. त्यातून तिने जाहिरात केली असेल, तेवढंच. तुमच्या हातात पुढचा पहिला पौंड पडायला साडेपाच लाखांच्या वर यावे लागतात. शिवाय व्हिडिओचा निम्मा खर्चही तुमच्याच नावे टाकलाय, पान १९ बघ.

दुसरीकडे ते लहान लेबल, म्हणजे छोटी रेकॉर्ड कंपनी. त्यांचा कागद चार पानांचा. ॲडव्हान्स नाहीच. आधी सगळा खर्च वळता करायचा, उरेल ते निम्मंनिम्मं. साठ हजार आले आणि पंचवीस हजार खर्च झाला, तर तुमचे साडेसतरा हजार. चौघांत प्रत्येकी ४,३७५. यात तिथलं भाडं भागत नाही, कळतं मला. रेडिओपर्यंत, मोठ्या महोत्सवांपर्यंत पोचवायला त्यांच्याकडे माणसं नाहीत, हे तुझं म्हणणंही बरोबर.

पण मला जाळतंय ते पान ११. तिथं लिहिलंय की मास्टर, म्हणजे रेकॉर्डिंग, कॉपीराइट संपेपर्यंत कंपनीचं. तुमच्या तिथं ते प्रसिद्ध झाल्यापासून ७० वर्षं. शब्द आणि चाल तुझी राहील, पण तुझा तो आवाज तुझा नाही. कर्ज फिटलं तरीही नाही. लहान लेबल सात वर्षांचा परवाना मागतंय, पुढे रेकॉर्डिंग तुमच्याकडे परत.

तुझी पहिली गिटार आली तेव्हा मी पाटल्या ठेवल्या होत्या, तुला सांगितलं नव्हतं. सराफाने तोलल्या, कापडी पिशवीत घालून लाखेचं सील केलं. अकरा महिन्यांनी शेवटचा हप्ता भरला तेव्हा ते सील माझ्यासमोर फोडलं. पाटल्या तशाच होत्या. शकूच्या लग्नात घातल्या त्याच. तारण सोडवता येतं, निनाद, म्हणून माणूस ते ठेवतो.

लहान म्हणजे चांगलं, असंही नाही. तू राहतोस त्या मँचेस्टरचं फॅक्टरी रेकॉर्ड्स बघ. त्यांच्या न्यू ऑर्डर या बँडची कमाई त्यांच्याच हासिएंदा क्लबात ओतली गेली, हिशेब कोणाला नीट लागेना, आणि १९९२ मध्ये कंपनी दिवाळ्यात निघाली. तेव्हा लंडन रेकॉर्ड्स तिला विकत घ्यायला आली होती. कागद उघडले तर त्यात लिहिलेलं, सगळं वादकांच्या मालकीचं, कंपनीचं काहीच नाही. विकायला काही उरलंच नव्हतं. न्यू ऑर्डर आपलं रेकॉर्डिंग घेऊन पुढं गेले. लहान लेबल घेतलंस तर दर सहा महिन्यांनी हिशेब आणि वह्या तपासायचा हक्क लिहून घे.

बघ, पुन्हा शिकवायला लागले. माफ कर. फेब्रुवारीत तुमचा कार्यक्रम मोबाइलवर पाहिला तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत, नुसती पेटी काढून पुसली. किती वर्षांनी.

तुम्हाला शोधून काढणारा तो कंपनीतला माणूस भला आहे म्हणतोस. असेल. पण तो उद्या नोकरी सोडून गेला तर तुमचा अल्बम कोणाच्या टेबलावर पडून राहील? तो गेला तर आम्हीही मोकळे, असं एक कलम मागून बघ. आणि वकील तुमचा हवा, त्यांनी सुचवलेला नको.

मोठ्या कंपनीकडेच जायचं असेल तर जा. फक्त पान ११ वर विचार, की पंधरा वर्षांनी रेकॉर्डिंग परत द्याल का. नाही म्हणाले तर शुक्रवारी सही करू नकोस, सोमवारपर्यंत थांब. मला रात्री केव्हाही फोन कर, जागीच असते.

पेटीचा काळी दोनचा सूर चिकटतोय, अण्णा म्हणतात तू आल्यावर बघेल.

तुझी,
आई