रतलामच्या काकूंना

ती. काकूंना सा. नमस्कार,

आजोबांच्या प्रार्थनासभेत मी वाचलेलं हिंदी मनोगत बऱ्याच जणांनी मागून घेतलं. त्यातलं तुमचं काम त्यांनाही कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

पुण्याहून येताना गाडीत मी जे लिहिलं होतं, त्यात जन्म, रेल्वेतली गार्डची नोकरी, निवृत्ती आणि पुढे ‘मिलनसार, मृदुभाषी, कर्मठ’ असं सगळं होतं. हिंदीच्या निवृत्त शिक्षिका म्हणून तुम्ही आधी व्याकरण तपासाल असं वाटलं होतं. तुम्ही विचारलंत, "समोर कोण बसणार आहे?" जुने गार्ड, ड्रायव्हर, गल्लीतले लोक. "मग नोकरीची तारीख त्यांना कशाला सांगतोस? त्यांनी न पाहिलेले आजोबा सांग." आणि प्रत्येक विशेषणापुढे पेन्सिलीने लिहिलंत: कधी? कुणाशी? ज्याला उत्तर नव्हतं ते गेलं. ‘मृदुभाषी’ तर लगेच गेलं. वेळेवरून आजोबा किती चिडायचे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. तुम्ही ते चिडणंच ठेवायला लावलंत आणि सभेत लोक हसले.

‘कर्मठ’च्या जागी हे आलं: "दादाजी हमें स्टेशन छोड़ने आते, तो हाथ हिलाकर लौट नहीं जाते थे। आख़िरी डिब्बे पर एल.वी. की तख़्ती देख लेते, तब मुड़ते।" शेवटच्या डब्यावरची ती ‘लास्ट व्हेईकल’ची पाटी दिसली की गाडी पूर्ण गेली, मध्ये तुटली नाही, हे रेल्वेवाल्यांना सांगावं लागत नाही. पुढच्या रांगेतल्या दोघांनी तेव्हाच मान हलवली.

दवाखान्याचा परिच्छेद तुम्ही एका वाक्यावर आणलात. शेवटचे दिवस सगळ्यांनी पाहिलेच होते, त्यात आजीला पुन्हा का बसवायचं? मग मोठ्याने वाचून घेतलंत. जिथे माझा श्वास संपला तिथे वाक्य तोडलंत, ‘अपूरणीय क्षति’सारखे जड जोडशब्द काढलेत. उरले साधारण साडेतीनशे शब्द, सावकाश वाचून तीन मिनिटं.

सगळ्यात उपयोगी पडली ती क्रमाची गोष्ट. स्टेशनचा प्रसंग मी शेवटी ठेवला होता. तुम्ही तो मध्यावर घेतलात आणि त्यामागे रोजचं, कोरडं वाक्य लावलंत: "घर लौटकर वे घड़ी मिलाते और चाय माँगते।" गळा दाटलाच तर सावरायला जागा हवी, म्हणालात. शेवटी फक्त आलेल्यांचे आभार आणि मौनाची विनंती. मोठ्या अक्षरातली दुसरी प्रत आतेभावाच्या हातात देऊन ठेवायला सांगितलंत, मी थांबलो तर त्याने तिथूनच उचलावं म्हणून.

एल.वी.पाशी मी थांबलोच. आतेभाव उठायला लागला, पण तोवर मी घड्याळाच्या वाक्यावर आलो होतो.

तुमचा,
शेजारचा नातू